बेचाळिसावी ओळ

ईमेल लिहायला असा किती वेळ लागतो? मालकाच्या मुलाच्या, साईराजच्या मते दहा मिनिटं. मंगल कामकरला तीन आठवडे लागले, आणि उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर त्यावरून तिची भरपूर चेष्टा झाली. चेष्टा करणारे आता गप्प आहेत, म्हणून ही गोष्ट सांगायला हरकत नाही.

मंगल ही वडगावच्या विणकराची लेक. घरात चार यंत्रमाग, आणि त्या खडखडाटातच बसून तिनं बी.कॉम. केलं. बावीस वर्षांपूर्वी मारुतीरावांच्या कारखान्यात ती व्हाउचर लावायला म्हणून आली आणि आज फायनान्स मॅनेजर आहे. हा कारखाना ओतकामाचा. भट्टीत लोखंड वितळवून ट्रॅक्टरचे भाग ओतायचे, साफ करायचे, बाहेरच्या मशीनशॉपमधून कातून आणायचे आणि गिऱ्हाइकाला पाठवायचे. दोन पाळ्या, दीडेकशे माणसं. सगळे तिला आक्का म्हणतात, तिच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा.

माल आत आल्यापासून पक्क्या मालाचं बिल निघेपर्यंतच्या सगळ्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात त्याला ईआरपी म्हणतात, पण कारखान्यात त्याचं नाव नुसतं ‘सिस्टीम’. ही सिस्टीम अकरा वर्षांपूर्वी टिळकवाडीच्या नागेंद्रनं बसवली होती. बारा माणसांची त्याची छोटी कंपनी. सिस्टीम आता म्हातारी झाली होती. जुनी आवृत्ती यापुढे सांभाळली जाणार नाही असं पत्र येऊन पडलं होतं. तेही एकवेळ ढकललं असतं पुढं, आपल्याकडे काय ढकलत नाहीत! पण सप्टेंबरात सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं आणि ढकलायची सोयच उरली नाही.

भट्टीतून एका वेळी जेवढं लोखंड ओततात त्या घाण्याला एक नंबर असतो, त्याला हीट नंबर म्हणतात. उद्या शेतात एखादा भाग मोडला, तर तो कुठल्या दिवशीच्या कुठल्या घाण्याचा होता हे त्या नंबरावरून कळतं. गिऱ्हाइकाचं म्हणणं सरळ होतं. एक एप्रिलपासून प्रत्येक बिलावर, प्रत्येक नगामागे हीट नंबर पाहिजे. नसेल तर माल घेणार नाही.

“हे गिऱ्हाईक गेलं तर दुसरी पाळी बंद,” मारुतीराव म्हणाले. “साठ माणसं घरात बसतील, मंगल. मला त्यांना तोंड दाखवता यायचं न्हाय.”

साईराज हा त्यांचा मुलगा. एमबीए करून आलेला, हुशार, पण अंगात घाई फार. त्यानं बेंगळुरूची एक मोठी कंपनी बघून ठेवली होती.

“त्यांचा दिवसाचा दर हाय, आक्का. जेवढे दिवस लागतील तेवढे द्यायचे.”

“किती दिवस लागतील?”

“ते काम सुरू झाल्यावर कळतंय.”

“मग न्हाय,” मंगल म्हणाली.

साईराजला राग आला, पण तिचं बरोबर होतं. चार गाळे सोडून पलीकडच्या एका कारखान्यानं असंच दिवसाच्या दरानं काम दिलं होतं, ते अडीच वर्षं चाललं होतं. आणि मंगलला ते शिकायला पलीकडे जायची गरजच नव्हती. तिचे आप्पा म्हणायचे, मजुरी ठरल्याबिगर बीम मागावर चढवायचा न्हाय. बीम म्हणजे ताण्याच्या हजारो धाग्यांचा रूळ; तो एकदा चढला की साडी पुरी केल्याशिवाय विणकराला सुटका नाही. मजुरी ठरवायची तर आधी साडीत काय काय आहे ते ठरलं पाहिजे. काठ केवढा, पदर केवढा, बुट्टे किती. एकदा एका व्यापाऱ्यानं मजुरी ठरवली, बीम चढू दिला आणि मग म्हणाला, पदरात आणखी दोन ओळी बुट्टे घाला, एवढं काय त्यात! आप्पांनी ते बुट्टे तीन दिवस फुकट विणले. तेव्हा मंगल सातवीत होती. व्यापारी साडी घेऊन गेल्यावर आप्पा बराच वेळ नुसते मागाजवळ बसून राहिले होते, ते तिला अजून दिसतं.

तर ठरलं असं की नागेंद्रकडून एकच पक्की किंमत आणि पक्की मुदत मागवायची. मारुतीरावांनी तिच्या शब्दावर हो म्हटलं. साईराज म्हणाला, “एक मेल टाका, उद्या कोटेशन येतंय.”

आक्कानं मेल टाकला नाही. तिनं वही घेतली आणि खाली उतरली.

भट्टीवर बसवंत सुपरवायझर. त्याच्याशेजारी ती तासभर उभी राहिली आणि तो काय काय करतो ते लिहून घेतलं. सिस्टीममध्ये काय भरतो, खडूनं भिंतीवर काय लिहितो आणि नुसतं डोक्यात काय ठेवतो, सगळं. बसवंत वैतागला. “आक्का, हे सगळ्यास्नी म्हाईत हाय की.”

“सगळ्यास्नी म्हंजे कुणाला? नागेंद्रला हाय?”

“त्याला कसं असंल?”

“मग लिहिते मी.”

तिचं म्हणणं असं, की पक्क्या किमतीच्या कामात जे लिहिलं ते आपलं आणि जे राहिलं ते वेगळ्या पैशाचं. म्हणून काही राहता कामा नये. ती स्टोअरमध्ये गेली, मालाची तपासणी करणाऱ्यांकडे गेली, पगाराच्या टेबलाशी बसली. शेवटी गेटवर ज्योतिबाकडे गेली. ज्योतिबा एकोणीस वर्षं गेट सांभाळतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गेटपास तो कार्बन घालून हातानं लिहितो, आणि हे भर उन्हात, गाडीवाला हॉर्न मारत असताना.

“हे छापून आलं तर?” तिनं विचारलं.

“काट्यावरचं वजन आपोआप येऊन छापून? बोटं सुटतील की, आक्का,” तो म्हणाला. “पर माझं कोण लिवतंय त्यात?”

“मी लिहिते. लिहिलं म्हंजे झालं.”

हा शब्द तिनं दिला. तो लक्षात ठेवा.

तीन आठवड्यांनी मेल तयार झाला. इंग्रजी तिचं शाळेतलंच, साधं आणि सरळ. पण त्या मेलमध्ये बोट घालायला जागा नव्हती. एकच पक्की किंमत द्या, जीएसटी वेगळा दाखवा. ती किती दिवस बांधील राहील ते लिहा. अभ्यास, मांडणी, जुनी माहिती नव्यात आणणं, लोकांना शिकवणं, आमच्या माणसांनी केलेली चाचणी, या प्रत्येकाची तारीख द्या. मार्चचा अख्खा महिना जुनी आणि नवी सिस्टीम शेजारीशेजारी चालेल. एक एप्रिलला नवी एकटी. पैसे टप्प्याटप्प्यानं, टप्पा पुरा झाल्यावर. शेवटचा दहावा हिस्सा तीन महिने नीट चालल्यावर. आणि तुम्ही किमतीत काय धरलेलं नाही, तेही लिहून द्या. सोबत एक यादी होती, एकेचाळीस ओळींची. प्रत्येक ओळीत एक काम, आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव. सतराव्या ओळीत लिहिलं होतं: गेटपास छापणे, वजनकाट्याला जोडून. ज्योतिबा.

“नावं कशाला घातलीसा?” साईराजनं विचारलं. “असं कोण लिहीत न्हाय.”

“शंका आली तर कुणाला विचारायचं ते नागेंद्रला कळाय नको?”

नागेंद्रनं मेल वाचून फोन केला. कन्नड-मराठी मिसळून बोलायची त्याची पद्धत. म्हणाला, अकरा वर्षांत एवढा स्वच्छ कागद मला कुणी पाठवला नाही, मॅडम. निम्मे लोक ‘अपग्रेडचा रेट सांगा’ एवढंच लिहितात. ती यादी खाली नोटीस बोर्डावरही लागली. ज्योतिबानं सतराव्या ओळीचं पान झेरॉक्स करून घेतलं आणि गेटच्या रजिस्टरात प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवलं. येणाऱ्या गाडीवाल्याला दाखवायचा. एकोणीस वर्षांत कारखान्याच्या कुठल्या कागदावर त्याचं नाव पगारपत्रक सोडून आलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला कोटेशन आलं. चौदा लाख ऐंशी हजार, वीस आठवडे, एक एप्रिलला चालू. ‘काय धरलेलं नाही’ याची यादी अर्ध्या पानाची, तीही वाजवी. मारुतीराव खूश झाले. म्हणाले, सोमवारी सही करू.

आणि शनिवारी दुपारी मंगलला आपल्या यादीतलं भगदाड दिसलं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती आपल्या टेबलाशी बसून एक काम करते. मशीनशॉपला कातायला माल जातो तो किलोवर; काट्यावर गाडी चढवायची, वजन घ्यायचं, चलन फाडायचं. परत येतो तो नगावर, गेटवर ज्योतिबा एक एक मोजून घेतो. जाताना किलो, येताना नग. ही उद्यमबागेतली जुनी रीत आहे, कुणी कधी बदलली नाही. आणि या दोहोंचा मेळ, म्हणजे इतक्या किलोत किती नग गेले, किती आले, किती बाद झाले, कातताना कीस किती पडला, तो मंगल तिच्या एका एक्सेलच्या तक्त्यात घालते. बावीस वर्षांत पहिली पाच वहीत, मग तक्त्यात. सिस्टीमला यातलं काही माहीत नाही.

तक्ता उघडला आणि तिच्या लक्षात आलं. हीट नंबर भट्टीवरून निघून मशीनशॉपपर्यंत जाणार, आणि तिथं किलोचे नग होताना तुटणार. बिलावर येणारच नाही. तिनं यादी काढून वरून खाली वाचली, पुन्हा वाचली. एकेचाळीस ओळींत हे काम नव्हतं. सगळ्यांच्या टेबलाशी ती जाऊन बसली होती, स्वतःची मात्र बँकेच्या मेळाची एकच ओळ घातली होती; आपल्या टेबलाशी बसून ‘तू काय करतीस गं?’ असं विचारायचं राहिलं होतं.

तिनं उठून साईराजला सांगितलं. मारुतीराव निपाणीला लग्नाला गेले होते.

साईराजनं यादीबरोबरचा मेल उघडला. पोरगं खरोखर हुशार. “आक्का, घाबरताय कशाला? ही ओळ बघा. ‘सध्या चालू असलेली सगळी कामं नव्या आवृत्तीत चालली पाहिजेत.’ तुमचं काम सध्या चालूच हाय की. त्यानं किंमत दिली, सोमवारी सही होऊ द्या. मग सांगू, हेही त्यातच. कुठं जाईल?”

हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोला. गप्प बसलं तर तिची चूक कुणाला कळणारही नव्हती. तीन आठवडे घेऊन हे राहिलं म्हटल्यावर टपरीवर काय होईल ते तिला ऐकू येत होतं. आणि मारुतीराव? तिच्या शब्दावर त्यांनी बेंगळुरूला नाही म्हटलं होतं.

“बीम चढल्यावर बुट्टे घालायचे व्हय?” ती म्हणाली.

साईराजला ते कळलं नाही, आणि तिनं समजावूनही सांगितलं नाही. टेबलाशी येऊन तिनं दुसरा मेल लिहिला. हा मात्र खरंच दहा मिनिटांत झाला. ‘माझ्या यादीत एक काम राहिलं आहे. चूक माझी आहे. बेचाळिसावी ओळ: मशीनशॉपला किलोवर गेलेल्या आणि नगावर परत आलेल्या मालाचा हीट नंबरनुसार मेळ. मंगल. हे धरून किंमत आणि मुदत पुन्हा कळवा.’ सोबत तिनं तक्ता जोडला आणि प्रत मारुतीरावांना लावली.

मारुतीरावांचा निपाणीहून फोन आला. मागे सनई वाजत होती. “सहीच्या आधी सापडलं न्हवं?”

“व्हय.”

“मग झालं. जेवून घे.”

आता अशा माणसासाठी कुणी बावीस वर्षं का राबणार नाही, सांगा!

सोमवारी नागेंद्र स्वतःच आला. तक्ता त्यानं छापून आणला होता. म्हणाला, “मॅडम, हे मला मार्चमध्ये कळलं असतं तर मी मेलो असतो. आणि तुमची तारीखही.” चलनावर किलो आणि नग दोन्ही घ्यावे लागतील, प्रत्येक मालाचं एका नगाचं वजन भरावं लागेल, परतीची नोंद हीट नंबरनुसार करावी लागेल. त्याच्या हिशेबानं नऊ दिवसांचं काम होतं. पण वीस आठवड्यांत नऊ दिवस रिकामे नव्हते, आणि माणसं वाढवून जमण्यासारखं नव्हतं. सिस्टीम माहीत असलेली त्याच्याकडे दोघंच.

“मार्चची शेजारीशेजारीची चाचणी थोडी कमी केली तर?” साईराजनं विचारलं.

“ती कमी करायची न्हाय,” मंगल आणि नागेंद्र एकदमच म्हणाले.

“मग यादीतलं नऊ दिवसांचं दुसरं काही काढा,” नागेंद्र म्हणाला. “किंमत तीच ठेवतो. तारीखही. काढलेलं जुलैनंतर बघू.”

मंगलनं पेन घेतलं. अडतिसावी ओळ तिचीच होती: बँकेचा मेळ आपोआप घालणे, चार दिवस. ती तिनं क्षणात खोडली. करीन हातानं, नाहीतरी करतेच आहे. उरले पाच. तिनं यादी तीनदा खालीवर केली. बाकीच्या ओळी एकतर कायद्याच्या होत्या, नाहीतर हीट नंबराला बांधलेल्या. बरोबर पाच दिवसांची, आणि नसली तर कारखाना थांबणार नाही अशी ओळ एकच होती. सतरावी.

“खोडू?” साईराज म्हणाला.

“थांब. मी सांगून येतो त्याला.” गडबडीत ती अजून वडगावच्या बायकांसारखी बोलते, येतो, जातो.

गेटवर ऊन होतं. ज्योतिबा एका गाडीचा पास लिहीत होता. गाडी जाईपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं, आपली चूक धरून. “तुला शब्द दिलता मी, ज्योतिबाण्णा. लिहिलं म्हंजे झालं म्हणून. माझं राहिलं, म्हणून तुझं जातंय. मला लई वाईट वाटतंय.”

ज्योतिबानं रजिस्टर उघडून ते प्लास्टिकचं कव्हर काढलं, झेरॉक्स बाहेर घेतली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, “हे काडलं तर दुसरी पाळी ऱ्हातीया?”

“ऱ्हातीया.”

“ती साठ माणसं माज्याच गेटातनं येत्यात, आक्का. दुपारच्याला कोण आलं कोण न्हाय, मला बघून कळतंय.” त्यानं आपल्या बॉलपेननं सतराव्या ओळीवर रेघ ओढली. सरळ, पट्टी धरल्यासारखी. एकोणीस वर्षं कार्बनवर लिहिणारा हात तो. ‘गेटपास’पासून ‘जोडून’पर्यंत येऊन रेघ थांबली. “काम काडा. नाव तेवढं ऱ्हाऊ द्या.”

मंगलला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. मग पदरानं तोंड पुसून तिनं त्याच्याच हातातलं पेन घेतलं, पानाच्या खाली बेचाळिसावी ओळ लिहिली आणि पुढे आपलं नाव. क्षणभर विचार करून त्या नावाच्या आधी ‘ज्योतिबा’ लिहिलं.

“हे आनि काय?”

“परत आलेले नग कोण मोजतंय?”

“मीच की.”

“मग तू मोजलास तरच माझा मेळ बसतोय. नवी सिस्टीम आली की ती नोंद हितंच, गेटवर होईल. शिकावं लागेल तुला.”

“म्या? कम्पुटर?” तो म्हणाला, आणि लगेच, “कवापास्नं?”

ऑर्डरसोबत सहीला गेलेल्या कागदात ते पान तसंच जोडलेलं आहे, बॉलपेनच्या रेघेसकट. नागेंद्र स्वच्छ टाइप करून देतो म्हणाला होता. मंगलनं नको म्हटलं.

फेब्रुवारीत चाचणी झाली, मार्चभर दोन्ही सिस्टीम शेजारीशेजारी चालल्या, रोज संध्याकाळी दोन्हींचे आकडे जुळवताना मंगलचे डोळे लाल व्हायचे. पहिल्या आठवड्यात जुळले नाहीत, दुसऱ्यात जुळले. ज्योतिबा एका बोटानं टाइप करायला शिकला. साईराज दोनदा त्याच्याशेजारी स्टुलावर बसून त्याला शिकवताना दिसला, आणि त्यानंतर त्यानं बेंगळुरूचं नाव काढलं नाही. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

एक एप्रिलला दुपारी पावणेतीनला पहिलं बिल निघालं. प्रत्येक नगामागे हीट नंबर होता. मंगल ते हातात घेऊन स्वतः गेटवर गेली. गाडी भरून उभी होती, आणि ज्योतिबा नेहमीसारखा कार्बन घालून गेटपास लिहीत होता. बिलाशी ताडून बघावा म्हणून तिनं पास मागितला.

गाडीचा नंबर, वजन, नग. आणि त्याखाली, पासावर जिथं रकानाच नाही अशा जागी, त्यानं आपल्या परतीच्या नोंदीवरून हातानं एकेक हीट नंबर लिहिला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“हे कशाला रं?” तिनं विचारलं.

“तुमचं मशीन चुकलं तर?” ज्योतिबा म्हणाला.

तिनं एकेक नंबर बिलाशी लावून बघितला. सगळे बरोबर होते. तेवढ्यात तीनचा भोंगा झाला, आणि दुसऱ्या पाळीची माणसं डबे घेऊन गेटातून आत यायला लागली.